₹९३,५०० च्या बिलात झीरो डेप कुठे संपतो

"बंपर टू बंपर घेतलंय, मग हे पैसे कसले?" दुरुस्त झालेली गाडी न्यायला आलेला मालक हा प्रश्न नेहमी पैसे भरण्याच्या खिडकीशी विचारतो. तोवर काम झालेलं असतं, विमा कंपनीच्या वतीने नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरचा हिशोब बंद झालेला असतो आणि बदलण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. खरं तर हा प्रश्न गाडी वर्कशॉपमध्ये शिरते त्याच दिवशी विचारायला हवा. म्हणून इथे एका क्लेमचा प्रवास पहिल्या दिवसापासून शेवटच्या पावतीपर्यंत मांडला आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत आणि त्यात कर धरलेला आहे. कापाकापीचे नियम मात्र खरेच आहेत.

गाडी ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, वय २ वर्षं ३ महिने. पॅकेज पॉलिसी आहे, म्हणजे थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी, आणि तिला झीरो डेप जोडलेला आहे. यालाच लोक बंपर टू बंपर म्हणतात: भाग जुना झाला म्हणून कापला जाणारा घसारा माफ करणारं जास्तीचं कव्हर. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि गाडी उजव्या बाजूने त्याच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. बंपर, ग्रिल, उजवा हेडलॅम्प, बोनेट, उजवा फेंडर, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि पुढची काच गेली. उजव्या पुढच्या टायरला फेंडरच्या वाकलेल्या पत्र्याने कापलं.

पहिली चूक होते ती इथे, रस्त्यावरच. रेडिएटर फुटला की कूलंट जमिनीवर सांडतो. गाडी चालू होते, म्हणून मालक ती स्वतःच वर्कशॉपपर्यंत नेतो. चार-पाच किलोमीटरमध्ये तापमानाचा काटा वर जातो, हेड गॅस्केट जातं, कधी हेडच वाकतं. इंजिनचं हे नुकसान धडकेने झालेलं नसतं, धडकेनंतर गाडी चालवल्यामुळे झालेलं असतं. पॉलिसीच्या भाषेत ते परिणामी नुकसान, आणि मूळ पॉलिसी ते देत नाही. मूळ पॉलिसीत जो खर्च मान्य होतो त्यावरचा घसारा माफ करणं एवढंच झीरो डेपचं काम. जो खर्च मुळात मान्यच नाही त्याला तो हात लावत नाही. पावसाच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्याने इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, तिथेही हेच लागू होतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कव्हर असतं, आणि त्याच्याही अटी असतात. तेव्हा गाडीखाली हिरवं, लाल किंवा गुलाबी पाणी दिसलं तर चावी काढा आणि टो करणारी गाडी मागवा.

टो येईपर्यंत फोटो काढा. नंबर प्लेट आणि नुकसान एकाच चौकटीत येईल असे दोन-तीन, जागेचा एक, आणि मागची, डावी-उजवी अशा न आपटलेल्या बाजूंचेही. या शेवटच्या फोटोंचा उपयोग पुढे कळेल. मग विमा कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. कोणी जखमी झालं असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तर पोलिसांना कळवणं टाळू नका.

वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर एस्टिमेट काढतो, तुम्ही क्लेम फॉर्म भरता, सोबत आरसी, गाडी चालवणाऱ्याचं लायसन्स आणि पॉलिसी देता. फॉर्ममध्ये अपघात कसा झाला हे लिहिताना काय आदळलं, कुठल्या बाजूने, किती वाजता, एवढं साध्या वाक्यांत लिहा. सर्व्हेअर नुकसान पाहताना हेच वर्णन हातात धरतो. "पुढून धडक" लिहिलंय आणि मागच्या डाव्या दाराचं पेंटिंगही एस्टिमेटमध्ये आहे, तर ते दार पहिल्याच फेरीत उडतं. एका अपघाताचा एक क्लेम असतो. पार्किंगमध्ये लागलेला जुना ओरखडा यात बसत नाही. त्यासाठी वेगळा क्लेम करावा लागतो, त्यावर वेगळी सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने भरायची ठरावीक रक्कम, लागते आणि झीरो डेपच्या वर्षभरातल्या क्लेमच्या मर्यादेतला एक संपतो. बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा वर्षाला दोन आहे. न आपटलेल्या बाजूंचे फोटो इथे उपयोगी पडतात. गाडी वर्कशॉपच्या आवारात असताना एखादा नवा डाग पडला, तर तो तुमचा नव्हता हे त्यांतून दाखवता येतं.

आता घसारा. सुटे भाग बदलताना जुन्याच्या जागी नवा बसतो, म्हणून वापरून झालेल्या भागाची किंमत साधी पॉलिसी कापून घेते. हा तक्ता २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमधून आलेला आहे. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के. फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के. काचेवर शून्य. पत्रा, धातू आणि बाकी सगळ्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. पेंटिंगमध्ये कापाकापी फक्त रंगाच्या मटेरियलवर होते, तीही ५० टक्क्यांनी. बिलात पेंटिंगचा एकत्रित आकडा असेल तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरतात. मजुरीवर घसारा नाही.

या तक्त्यात एक गोष्ट नव्या मालकाच्या नजरेतून निसटते. पत्र्याचा दर वयाप्रमाणे वाढतो, पण प्लास्टिकचे ५० टक्के पहिल्या दिवसापासून लागतात. शोरूममधून आठवडाभरापूर्वी बाहेर आलेल्या गाडीचा बंपर फुटला तरी साधी पॉलिसी बंपरची निम्मीच किंमत देते. "गाडी नवी आहे, घसारा कसला, झीरो डेप पुढच्या वर्षी बघू" हा विचार म्हणून चुकतो. आजच्या गाड्यांचा पुढचा भाग बंपर, ग्रिल, हेडलॅम्प, फेंडर लायनर असा बहुतेक प्लास्टिकचाच असतो, आणि शहरातले ठोके तिथेच बसतात.

सर्व्हेअर येतो, एस्टिमेटची ओळ न् ओळ पाहतो आणि प्रत्येक भागापुढे बदला किंवा दुरुस्त करा असं ठरवतो. झीरो डेपबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज याच टप्प्यावर उघडा पडतो. हे कव्हर भाग बदलून मिळण्याचा हक्क देत नाही. फेंडरचा पत्रा डेंटिंगने सरळ होत असेल तर सर्व्हेअर डेंटिंग मंजूर करतो, बंपरला वेल्डिंग होत असेल तर वेल्डिंग. दुरुस्त केलेला भाग सुरक्षित राहणार नाही असं वाटत असेल, तर कारण धरून बोला. बंपर ज्या टॅबवर अडकतो त्या तुटल्या आहेत, किंवा हेडलॅम्पच्या भेगेतून पाणी आत जाईल, असं दाखवलं की मुद्दा टिकतो. "माझं झीरो डेप आहे" हे कारण टिकत नाही. ही चर्चा सर्व्हेअर वर्कशॉपमध्ये असतानाच व्हायला हवी, म्हणून त्याची येण्याची वेळ विचारून तिथे हजर राहा. आपल्या गाडीत बोनेट, फेंडर आणि हेडलॅम्प तिन्ही बदलायला मंजूर झाले.

त्यानंतर गाडी खोलतात. आत लपलेलं नुकसान आता दिसतं: कंडेन्सरचा ब्रॅकेट, बंपरमागची बीम, एखादी वायरिंग. याचं सप्लिमेंटरी एस्टिमेट सर्व्हेअरकडे जातं. ते मंजूर व्हायच्या आधी वर्कशॉपने भाग बदलून टाकला आणि जुना भाग दाखवायला ठेवला नाही, तर ती ओळ कापली जाते. आठवड्यातून एकदा तरी अॅडव्हायझरला विचारा की सप्लिमेंटरी गेलं का आणि मंजूर झालं का. काम संपल्यावर सर्व्हेअर पुन्हा येऊन बदललेले भाग पाहतो किंवा फोटो मागवतो, आणि मग कंपनी किती देणार याचा आकडा वर्कशॉपला कळतो.

आपल्या गाडीचं अंतिम बिल असं झालं. प्लास्टिकचे भाग, म्हणजे बंपर, ग्रिल आणि हेडलॅम्प, मिळून ₹१८,०००. धातूचे भाग, म्हणजे बोनेट, फेंडर, रेडिएटर आणि कंडेन्सर, मिळून ₹३०,०००. पुढची काच ₹८,०००. मजुरी ₹१२,०००. पेंटिंग ₹१६,०००. एक टायर ₹५,०००. आणि कूलंट, एसीचा गॅस, काच चिकटवण्याचं सीलंट, क्लिपा, नट-बोल्ट असं किरकोळ सामान ₹४,५००. एकूण ₹९३,५००.

झीरो डेप नसता तर काय झालं असतं ते आधी पाहू, कारण कव्हरची खरी किंमत त्या फरकातच कळते. प्लास्टिकवर निम्मे, म्हणजे ₹९,००० कापले जातील. धातूवर, गाडी दोन ते तीन वर्षांच्या गटात असल्याने, १५ टक्के म्हणजे ₹४,५००. पेंटिंगचे ₹४,००० मटेरियल धरून त्याचे निम्मे, ₹२,०००. काच पूर्ण मिळेल, मजुरी पूर्ण मिळेल. टायरचे निम्मे ₹२,५००. किरकोळ सामान पूर्ण ₹४,५०० मालकाचं. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट ₹१,०००. काढलेल्या बोनेट-फेंडर-रेडिएटरच्या भंगाराचे धरू ₹५००. बेरीज ₹२४,०००. कंपनी ₹६९,५०० देईल.

झीरो डेप असल्यामुळे यातल्या पहिल्या तीन ओळी पुसल्या जातात: ९,००० अधिक ४,५०० अधिक २,०००, म्हणजे ₹१५,५००. कंपनी ₹८५,००० देते आणि मालकाकडे उरतात ₹८,५००. खिडकीशी भांडण होतं ते या ₹८,५०० वर. त्यातली प्रत्येक ओळ वेगळ्या कारणाने उरली आहे, म्हणून ती वेगवेगळी समजून घेतलेली बरी.

₹१,००० ची सक्तीची वजावट मूळ पॉलिसीची आहे. १५०० सीसीवरच्या गाडीला ती ₹२,००० असते. घसाऱ्याशी तिचा संबंध नाही, त्यामुळे झीरो डेप ती माफ करत नाही. ऑनलाइन पॉलिसी घेताना हप्ता कमी दिसावा म्हणून ऐच्छिक वजावट निवडली असेल, समजा ₹५,०००, तर प्रत्येक क्लेममध्ये तीही या हजाराच्या वर जाते. हप्त्यात मिळणारी सवलत त्या मानाने लहान असते. झीरो डेपसाठी जास्तीचे पैसे भरायचे आणि सोबत ऐच्छिक वजावट घ्यायची, हे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखं आहे, आणि नव्या गाडीवर ते करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. काही कंपन्या झीरो डेपच्या स्वस्त प्रकारातही प्रत्येक क्लेमवर जास्तीची वजावट ठेवतात. हप्ता इतरांपेक्षा फारच कमी दिसला तर आधी ही ओळ शोधा.

₹४,५०० च्या किरकोळ सामानाला विम्यात कन्झ्युमेबल्स म्हणतात: इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, ग्रीस, कूलंट, एसी गॅस, वॉशर, क्लिपा, स्क्रू. एकदा वापरलं की संपणारं सामान. यात घसाऱ्याचा प्रश्नच येत नाही, हा खर्च साध्या पॉलिसीत मुळातच धरत नाहीत. त्यासाठी कन्झ्युमेबल्स कव्हर वेगळं घ्यावं लागतं. नव्या गाडीत पुढच्या बाजूचा ठोका बसला की कूलंट आणि गॅस हमखास लागतात. झीरो डेपसोबत घेण्यासारखं दुसरं कव्हर निवडायचं तर आम्ही हेच सांगू.

टायरचे ₹२,५०० पॉलिसीच्या शब्दांवर अवलंबून आहेत. साधी पॉलिसी टायरचं नुकसान तेव्हाच देते जेव्हा त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालेलं असतं, आणि तेही निम्मंच. नुसता खड्ड्यात टायर फुटला आणि गाडीला काही झालं नाही, तर काहीच मिळत नाही, झीरो डेप असो वा नसो. गाडीसोबत टायर गेला तरी बऱ्याच झीरो डेप कव्हरांच्या मजकुरात टायर, ट्यूब आणि बॅटरी वगळलेल्या असतात, म्हणून त्यांवर ५० टक्के कापणी चालू राहते. आपल्या उदाहरणातली पॉलिसी तशीच धरली आहे. एअरबॅग या वगळलेल्या यादीत आहे का, हेही पॉलिसी घेताना वाचून घ्या. दोन एअरबॅग उघडल्या की त्यांच्या किमतीचा निम्मा हिस्सा बाकी सगळ्या कापाकापीपेक्षा मोठा होऊ शकतो.

भंगाराचे ₹५०० सरळ आहेत. जुने भाग वर्कशॉपकडे किंवा तुमच्याकडे राहिले, त्याची किंमत कंपनी वजा करते.

या बिलात न दिसणारी आणखी एक ओळ आहे, ती पुढच्या वर्षीच्या हप्त्यात दिसते. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो आणि झीरो डेप तो वाचवत नाही. बोनसच्या पायऱ्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा आहेत. आपली गाडी तिसऱ्या वर्षात आहे, सध्या २५ टक्के मिळत होते, क्लेम नसता तर पुढच्या वर्षी ३५ मिळाले असते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ₹१०,००० धरला तर पुढच्या नूतनीकरणाला ₹३,५०० ची सवलत गेली. त्याच्या पुढच्या वर्षी ४५ ऐवजी २० मिळतील, म्हणजे आणखी ₹२,५००. ₹८५,००० च्या क्लेमसमोर हे काही नाही. पण बंपरला ₹५,००० चं पेंटिंग एवढंच काम असेल, तर ₹१,००० वजा जाऊन ₹४,००० मिळवण्यासाठी दोन वर्षांत ₹६,००० घालवणं आणि वर्षाच्या दोनपैकी एक क्लेम खर्च करणं परवडत नाही. ते पैसे खिशातून भरावेत.

गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली, तर झीरो डेपचा काहीच उपयोग होत नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि आयडीव्हीवर हिशोब होतो. आयडीव्हीत वयाप्रमाणे घट आधीच धरलेली असते: सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०. ही घट झीरो डेप भरून देत नाही. शोरूमच्या बिलाइतकी रक्कम हवी असेल तर त्यासाठी रिटर्न टू इनव्हॉइस नावाचं वेगळं कव्हर आहे.

बाहेरून बसवलेल्या वस्तूंचंही बघा. म्युझिक सिस्टिम, अॅलॉय व्हील किंवा बाहेरून बसवलेलं सीएनजी किट पॉलिसीत नोंदवून त्याचा हप्ता भरलेला नसेल, तर त्याचे पैसे मिळत नाहीत, मग त्यावरच्या घसाऱ्याची गोष्टच दूर.

पॉलिसी हातात आली की पहिल्या पानावरच्या तक्त्यात झीरो डेपच्या नावापुढे हप्ता लिहिलेला आहे का ते पाहा. काही कंपन्या याला निल डेप्रिसिएशन किंवा डेप्रिसिएशन वेव्हर म्हणतात. मग त्या कव्हरचा पूर्ण मजकूर मागवून चार गोष्टींवर पेन्सिलीने खूण करा: वर्षात किती क्लेम, कोणते भाग वगळले आहेत, जास्तीची वजावट आहे का, आणि दुरुस्ती फक्त ठरावीक वर्कशॉपमध्येच करायची अट आहे का. ही शेवटची अट असेल आणि गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये टाकली, तर क्लेम मिळतो पण घसारा कापून मिळतो.

२०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, म्हणून अनेकांना सगळाच विमा तीन वर्षांचा आहे असं वाटतं. तुमच्या कागदावर प्रत्येक भागाच्या तारखा वेगळ्या असू शकतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आणि त्याला जोडलेला झीरो डेप सहसा एकाच वर्षाचा असतो. एक वर्ष झीरो डेप सोडला तर पुढच्या वर्षी कंपनी तो नाकारू शकते किंवा गाडीची तपासणी मागते.

दुरुस्त झालेली गाडी ताब्यात घेताना नुसतं बिल घेऊ नका, सर्व्हेअरचा असेसमेंट शीटही मागा. त्यात प्रत्येक भागापुढे धातू, प्लास्टिक किंवा काच असा गट, लावलेला घसारा आणि मंजूर रक्कम असते. झीरो डेप असूनही एखाद्या प्लास्टिकच्या भागापुढे ५० टक्के दिसले, किंवा एखादा पूर्ण भाग कन्झ्युमेबल्समध्ये टाकलेला दिसला, तर ती चूक पैसे भरण्याआधी लेखी दाखवा. रेडिएटरचा होज हा भाग आहे, त्यात भरलेला कूलंट कन्झ्युमेबल आहे, आणि घोळ बहुतेक अशाच जोड्यांमध्ये होतो. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि त्याची पोच ठेवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. सोबत हाच असेसमेंट शीट जोडा.